मोठा रोस्ट कडेपासून मधोमध एकसारखा कसा शिजतो? 'रिव्हर्स सिअर'मागचं उष्णतेचं गणित

दोन किलोंपेक्षा मोठा मांसाचा तुकडा ओवनमध्ये भाजला की बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: बाहेरून कोरडा, मध्ये कच्चा, आणि नीट शिजलेला भाग फक्त दोघांच्या मधल्या पट्टीत. रिव्हर्स सिअर ही यावरची पद्धत आहे. मांस आधी कमी तापमानावर सावकाश शिजवायचं आणि अगदी शेवटी, थोडा वेळ, खूप गरम ओवनमध्ये घालून बाहेरचा खरपूस थर आणायचा. म्हणजे नेहमीचा क्रम उलटा. अमेरिकेत ही पद्धत घराघरात पोचवण्यात जे. केंजी लोपेझ-आल्ट या खाद्यलेखकाचा मोठा वाटा आहे. या लेखात आपण एकच उदाहरण घेऊ: लॅम्ब लेग, म्हणजे कोकराची मागची अख्खी मांडी, हाडासकट, २.३ किलो.

हे उदाहरण घ्यायचं कारण साधं आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे रविवारच्या रोस्टला हीच मांडी सर्रास मिळते, आणि मी ती एकदा व्यवस्थित बिघडवलेली आहे.

## पहिल्या वेळी काय चुकलं

तेव्हा मी २०० अंशांवर भाजलं. (लेखात सगळीकडे अंश म्हणजे सेल्सिअस.) मधोमध थर्मामीटर खुपसून ठेवला होता. मला आतून गुलाबी, ५७ अंशांचं मांस हवं होतं, म्हणून आकडा ५७ झाल्या झाल्या मांडी बाहेर काढली आणि पंचवीस मिनिटं ओट्यावर ठेवली. सुरी घेईपर्यंत आकडा ६६ वर गेलेला. ओवन बंद, मांडी बाहेर, तरी तापमान नऊ अंशांनी वाढलं! कापल्यावर कडेची दोन सेंटिमीटर राखाडी आणि भुसभुशीत, मध्ये जेमतेम गुलाबी ठिपका.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे पाहून लगेच 'ओव्हरशूट' शब्द आठवला. सेन्सर मधोमध आहे आणि उष्णता कडेला साठली आहे. सेन्सरला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

## उष्णता आत जायला इतका वेळ का लावते

मांसात सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असतं, पण ते पेशींमध्ये अडकलेलं असतं. पातेल्यातल्या पाण्यासारखं ते वर-खाली फिरत नाही. त्यामुळे उष्णता एका थराकडून पुढच्या थराकडे अशी हळूहळू सरकते. किती हळू, याचा ढोबळ अंदाज या सूत्रातून येतो:

```
t ≈ L² / α
```

`L` म्हणजे पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचं अंतर. `α` म्हणजे पदार्थात उष्णता पसरण्याचा वेग, तो मांसासाठी साधारण ०.१३ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरायचा. `L` जर ५ सेंटिमीटर असेल, तर उत्तर पाच तासांच्या थोडं वर येतं. हा काही रेसिपीतला वेळ नव्हे. 'काम मिनिटांचं नाही, तासांचं आहे' एवढंच तो सांगतो. खरी गोम त्या वर्गात आहे. जाडी निम्मी झाली तर वेळ चौथाई होतो. म्हणूनच 'अर्ध्या किलोला इतकी मिनिटं' हा पाकिटावरचा हिशेब मोठ्या तुकड्याला फसतो. वजन दुप्पट झालं म्हणून जाडी दुप्पट होत नाही. लांबट मांडी आणि गोल गोळा यांचं वजन सारखं असलं तरी शिजायचा वेळ वेगळा.

आता २०० अंशांच्या ओवनमध्ये काय होतं ते बघा. मधला भाग ५७ ला पोचेपर्यंत कडेपासून एक सेंटिमीटर आतला थर ७५-८० च्या घरात गेलेला असतो. बाहेर काढल्यावर त्या थरातली उष्णता दोन्हीकडे जाते, थोडी हवेत आणि बरीचशी आत. माझे नऊ अंश तिथूनच आले.

ओवन ११० अंशांवर असेल तर हा फरक खूपच कमी राहतो. उष्णता बाहेरून ज्या गतीने येते, साधारण त्याच गतीने ती आत पसरायला वेळ मिळतो. मधला भाग ५७ ला असताना कडेचा थर फार पुढे पळालेला नसतो. म्हणून राखाडी पट्टी बारीक राहते आणि बाहेर काढल्यावरची वाढ दोन-तीन अंशांवर थांबते.

## ५७ चा आकडा कुठून आला

मांसातली प्रथिनं एकदम शिजत नाहीत, टप्प्याटप्प्याने शिजतात. पन्नाशीच्या आसपास मायोसिन घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे कच्च्या मांसाचा लिबलिबीतपणा जातो. साठीच्या पुढे स्नायूंभोवतीचं कोलॅजन आकसतं आणि आतला रस बाहेर पिळला जातो. ६६ च्या वर ॲक्टिनही बदलू लागतं आणि मांस कोरडं, चिवट वाटायला लागतं. ५७ ते ६० ही लॅम्बसाठी मधली जागा आहे: कच्चेपणा गेलेला आणि रस अजून आत.

## मग बाहेरचा खरपूस थर शेवटी का?

पूर्वी सगळे उलट करायचे. आधी कडकडीत भाजून 'रस आत सील करायचा' आणि मग सावकाश शिजवायचं. ही समजूत १९व्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांच्यामुळे रूढ झाली. हॅरल्ड मॅगी यांनी १९८४ च्या 'ऑन फूड अँड कुकिंग' या पुस्तकात ती खोडून काढली. भाजलेला थर पाण्याला अडवत नाही. तव्यावर टाकलेल्या तुकड्याचा चर्र आवाज थांबत नाही, तो त्यातून पाणी निघत राहिल्याचाच आवाज असतो. खरपूस थर हवा तो चवीसाठी.

ही चव मायार्ड प्रक्रियेतून येते. पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे गेला की ती जोरात चालते. पण पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो १०० च्या वर जाऊच शकत नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० पर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळजवळ सात पट ऊर्जा त्याची वाफ करायला लागते.

कच्ची, ओली मांडी आधीच गरम ओवनमध्ये घातली, तर बराच वेळ फक्त पाणी वाळवण्यात जातो आणि तेवढ्या वेळात आतले थर जास्त शिजतात. तीन तास ११० अंशांवर राहिलेल्या मांडीचा पृष्ठभाग मात्र कागदासारखा कोरडा आणि आधीच गरम असतो. तिला रंग यायला दहा मिनिटं पुरतात, आणि दहा मिनिटांत उष्णता फार खोल जात नाही.

## प्रत्यक्ष केलं ते असं

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून आई-बाबा आले होते, दादा-वहिनीही मँचेस्टरहून येणार होते. वहिनी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. ही माहिती उगाच देत नाहीये, ती पुढे लागणार आहे.

आदल्या रात्री मांडी कागदाने टिपून कोरडी केली आणि तिला २० ग्रॅम मीठ चोळलं. वजनाच्या एक टक्क्याला थोडं कमी, कारण वजनात हाड आलं. फ्रीजमध्ये जाळीवर उघडीच ठेवली. रात्रभरात मीठ आत मुरतं आणि वरचा थर सुकायला सुरुवात होते. सकाळी लसूण, मिरपूड आणि थोडं तेल लावलं. मसाल्यात दही किंवा ओलं वाटण घातलं असतं तर वाळवण्याचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं.

थर्मामीटर आधी तपासून घेतला. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांत टोक बुडवलं की ० दाखवायला हवं. उकळत्या पाण्यानेही तपासता येतं, पण उंचीचं भान ठेवा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तिथे ९८ दाखवणारा थर्मामीटर बरोबर आहे, बिघडलेला नाही.

थर्मामीटरचं टोक मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता घातलं. जागा बरोबर आहे का हे कळायची युक्ती अशी: टोक पलीकडे थोडं जास्तच आत ढकला आणि हळूहळू मागे ओढत आकडा बघा. जिथे आकडा सगळ्यात कमी दिसतो तोच गाभा. हे एकदा सुरुवातीला आणि एकदा काढायच्या आधी करा, कारण शिजताना मांस आकसतं आणि टोक सरकू शकतं.

मांडी जाळीवर, खाली ट्रे, ओवन ११० वर, पंखा बंद. पंखा चालू ठेवणार असाल तर १०० पुरतं. माझी नोंद अशी होती:

- १:०० वाजता आत घातली: गाभा ५ अंश
- २:००: १७
- ३:००: ३६
- ४:००: ५१
- ४:३०: ५७, बाहेर काढली
- ४:४५: ६०, इथे वाढ थांबली
- ५:००: ५८

पहिल्या तासात आकडा जेमतेम बारा अंश हलला, म्हणून दादाला ओवन बिघडल्याची शंका आली. ओवन ठीक होता. उष्णता गाभ्यापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ लागतो, शिवाय सुरुवातीला ओला पृष्ठभाग घामाने थंड होणाऱ्या कातडीसारखा वागतो, म्हणजे ओवनच्या तापमानापेक्षा बराच खाली राहतो. तो सुकला की वेग वाढतो. इथे घाई करून ओवन १६० वर नेला तर सगळी मेहनत पाण्यात.

पाच वाजता ओवन २५० वर तापायला ठेवला. तोपर्यंत मांडी वर सैलसर फॉइल टाकून ओट्यावरच. या पद्धतीचा हा सगळ्यात मोठा व्यावहारिक फायदा. पाहुण्यांना उशीर झाला तर मांडी तासभर अशी थांबू शकते, आणि 'आता वाढायचं' ठरल्यावर शेवटचा टप्पा करायचा. दादाची गाडी पाऊण तास उशिरा आली, काही बिघडलं नाही.

ट्रेमध्ये साठलेली चरबी काढून टाकली, नाहीतर २५० अंशांवर धूर होऊन अलार्म वाजतो. फॉइल काढून मांडी आत घातली, दहा मिनिटांत सगळीकडून गडद तपकिरी रंग आला. गाभा ५९. यानंतर परत थांबवायची गरज नाही, लगेच कापायची. विश्रांती आधीच झालेली आहे, आणि जास्त थांबलात तर कुरकुरीत थर वाफेने मऊ पडतो.

कापल्यावर कडेपासून जवळजवळ हाडापर्यंत एकच गुलाबी रंग होता. पोटरीकडचा बारीक भाग तेवढा जास्त शिजला होता. मांडीचा आकारच तसा असतो, त्याला इलाज नाही.

## एकसारखं शिजण्याची एक अडचण

बाबांनी पहिला काप उचलला आणि म्हणाले, "अरे, हे कच्चं आहे."

नेहमीच्या रोस्टमध्ये ही अडचण आपोआप सुटते, कारण कडेचे काप जास्त शिजलेले असतात आणि ज्याला जसं हवं तसं वाढता येतं. रिव्हर्स सिअरमध्ये सगळे काप सारखेच. सगळ्यांना एकच आकडा चालणार आहे का, हे आधी विचारून घ्यायला हवं होतं. आईने बाजूला तांबडा रस्सा उकळत ठेवला होता. त्यात बाबांचे काप दोन मिनिटं सोडले आणि प्रश्न मिटला. पातळ काप उकळत्या रश्श्यात लगेच पूर्ण शिजतो. वर मांडलेलं वर्गाचं गणित इथे आपल्या बाजूने काम करतं.

वहिनीचा प्रश्न आवडीचा नव्हता, सुरक्षिततेचा होता. गरोदरपणात गुलाबी मांस खाऊ नये असं इथली आरोग्यसेवा स्पष्ट सांगते, त्यामागे टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आहे. तिचे काप रश्श्यात चांगले उकळून, गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवूनच वाढले. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी पंगतीला असेल तरी हेच करा.

## कुठे ही पद्धत वापरू नये

निरोगी माणसांसाठी गुलाबी लॅम्ब चालतं, कारण अखंड तुकड्यात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि पृष्ठभाग नीट तापतो. पण हाड काढून गुंडाळून बांधलेल्या रोस्टमध्ये बाहेरचा पृष्ठभागच आत गेलेला असतो. खिमा किंवा सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस, यांचंही तेच. असे तुकडे आतपर्यंत पूर्ण शिजवायचे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा निकष गाभा ७० अंशांवर २ मिनिटं हा आहे. कोंबडीला तर हा गुलाबी आकडा लागूच नाही.

ओवन १०० च्या फार खालीही नेऊ नका. तुकडा तासन्‌तास कोमट राहिला तर जिवाणूंना वाढायला सवड मिळते. आणि ओवनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. घरगुती ओटीजीचा थर्मोस्टॅट हीटर चालू-बंद करत राहतो, त्यामुळे आतलं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली बरंच हेलकावतं. छोट्या ओटीजीत तर मोठा तुकडा हीटरच्या इतका जवळ येतो की ती बाजू आधी करपते. ओवनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या आणि रिकामा ओवन अर्धा तास चालवून कमाल-किमान आकडे लिहून ठेवा.

शेवटचं, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकड, आणि अशा मांडीत कोलॅजन जास्त, चरबी कमी. ती ५७ अंशांवर काढली तर एकसारखी गुलाबी होईल आणि एकसारखी चिवटही. तिथे कोलॅजन विरघळेपर्यंत, म्हणजे गाभा ८५-९० होईपर्यंत, मांडी झाकून, ओलाव्यात, कितीतरी तास ठेवावी लागते. काटा सहज आत गेला की झाकण काढा, वरचा ओलावा टिपून घ्या आणि मग गरम ओवनमध्ये खरपूस करा. क्रम तोच, फक्त थांबायचा आकडा वेगळा.